सात नंबरचे बूट

"तुमच्या गोष्टीतला पोरगा एरवी अनवाणीच पळतो. मग बूट पायात बसत नव्हते, तर शर्यतीत ते काढून का नाही फेकले त्यानं?"

माझी एक गोष्ट वाचून कुणीतरी हे विचारलं. नाड्या घोट्याला बांधल्या होत्या म्हणून. गोष्टीत हे एका ओळीत येऊन जातं. तिथे मी आणखी थांबायला हवं होतं.

तो पोरगा मीच. आठवीत होतो, राहायला नागपूरच्या महाल भागात, पाय पाच नंबरचा. शाळेच्या शर्यती रेशीमबागच्या मैदानावर होत्या, आणि ज्याच्या पायात बूट नसेल त्याला रेषेवर उभं करणार नाही, असं पीटीच्या सरांनी बजावलं होतं. गल्लीतल्या दहावीच्या दादानं त्याचे पांढरे कॅनव्हासचे बूट दिले, सात नंबरचे. "सांभाळून घालजो बे," म्हणाला, "सोमवारी मले पाहिजेत."

आपल्याकडच्या बुटांत एका नंबरागणिक लांबी इंचाच्या तिसऱ्या हिश्श्यानं वाढते. दोन नंबर म्हणजे साधारण १७ मिलिमीटर, एका बोटाच्या रुंदीएवढी मोकळी जागा. सगळे करतात तेच मी केलं. पेपर चुरगाळून पुढे कोंबला. उभं राहून पाहिलं तर बूट अगदी आपलाच वाटला.

पण मोठ्या बुटाचं खरं दुखणं टाचेत असतं. पळताना टाच वर येते, बूट मागे राहतो, आणि प्रत्येक पावलाला कडा तिथेच घासते. पेपर बोटांना पुढे जाऊ देत नाही एवढंच, टाचेला तो धरून ठेवत नाही. पाऊल धरायचं ते वरून, नाडीनं, घोट्याच्या पुढच्या बाकाशी. आज कुणी पोरगा विचारायला आला तर मी त्याला दोन मोजे घालायला सांगेन आणि वरच्या भोकांतून नाडी घट्ट ओढायला लावीन. तेव्हा मला एवढंच सुचलं, की नाड्या लांब आहेत तर त्या तळव्याखालून घेऊन घोट्याभोवती दोन वेढे द्यावेत आणि वर दुहेरी गाठ मारावी.

शर्यत ८०० मीटरची. फक्कीनं आखलेला गोल २०० मीटरचा, म्हणजे चार फेऱ्या आणि आठ वळणं, सगळी डावीकडची. पहिली फेरी बरी गेली. दुसरीत घामानं पेपर दबला आणि त्याचा बोळा होऊन अंगठ्याखाली सरकला. वळणावर अंग डावीकडे झुकतं, पण सैल बुटातलं पाऊल बाहेर, उजवीकडे ढकललं जातं. उजव्या पायाची करंगळी दर वळणाला बुटाच्या भिंतीवर घासत होती. तिसऱ्या फेरीत तिथली कातडी गेली हे मला ओल्या मोज्यावरून कळलं. दुखणं नंतर आलं. तोवर मी दुसरा होतो.

काढायचे तर थांबावं लागलं असतं. वाकायचं, घामानं आवळलेली दुहेरी गाठ सोडायची, वेढे उलगडायचे, तेही दोन्ही पायांचे. आणि काढून ठेवणार कुठे? मैदानाच्या कडेला तीन-चार शाळांची पोरं उभी होती. दुसऱ्याचे बूट तिथे टाकून पुढे पळायचं, हे मला तेव्हा सुचलंही नाही, इतकं ते माझ्या बाहेरचं होतं.

खरं सांगतो, गोष्टीच्या पहिल्या खर्ड्यात तो बूट फेकतो, अनवाणी सुसाट सुटतो आणि पहिला येतो. वाचून दाखवल्यावर सगळ्यांना आवडलंही. मी ते पान फाडलं. ज्याचे बूट उसने असतात त्याला ते भिरकावायची मोकळीक नसते, आणि ती दिली की तो पोरगाच राहत नाही.

मी चौथा आलो.

घरी उंबऱ्यातच आई म्हणाली, "काहून रे, लंगडून राहिला?" मी कात्री मागितली. गाठी दगडासारख्या झाल्या होत्या. तिनं कात्री दिली नाही. "दुसऱ्याच्या नाड्या हायेत त्या," म्हणाली, आणि माझा पाय मांडीवर घेऊन गोधडीच्या सुईनं एकेक पीळ सैल करत बसली. बराच वेळ लागला. मग बूट आतून थंड पाण्यानं धुतले, कारण रक्ताचा डाग गरम पाण्यानं पक्का बसतो. जानेवारीच्या गारठ्यात कॅनव्हास रात्रीतून वाळत नाही, म्हणून तिनं पेपर चुरगाळून बुटांत भरला, यावेळी पाणी शोषायला. रविवारभर तो दोनदा बदलला.

सोमवारी सकाळी दादाच्या दारात गेलो. त्यानं बुटात हात घालून पाहिला. टाचेपाशी अजून दमट होतं. काही बोलला नाही, तसेच पायात घातले आणि शाळेत निघाला.