रिव्हॅल्युएशनचा फॉर्म अडीच महिने 'पेंडिंग' होता, शेवटी कुठे अडकलेला निघाला ते सांगतो

सेकंड इयर इंजिनिअरिंग, एम-थ्री म्हणजे मॅथ्सचा तिसरा पेपर. एंडसेम 70 चा, पासिंगला 28 लागतात आणि मला पडले 24. आता पेपर इतका वाईट गेलाच नव्हता हे सगळेच म्हणतात, मीपण म्हणालो, पण मी आधी थेट रिव्हॅल्युएशनला न जाता फोटोकॉपी मागवली आणि तेच बरं झालं. आमच्या विद्यापीठात रिझल्ट लागल्यापासून 10 दिवसांत फोटोकॉपीचा फॉर्म भरायचा असतो, मग उत्तरपत्रिकेची पीडीएफ लॉगिनला येते आणि ती आल्यावर पुन्हा थोडेच दिवस मिळतात रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरायला. (तुमच्याकडे मुदत वेगळी असेल, सर्क्युलर बघा, मित्राला विचारू नका.)

पीडीएफ आली 2 फेब्रुवारीला. उत्तराशेजारचे मार्क बघायच्या आधी एक काम करा, प्रत्येक पानावर लाल खूण आहे का ते बघा आणि आतले मार्क स्वतः बेरीज करून पहिल्या पानावरच्या चौकटीशी जुळतात का ते बघा. माझी बेरीज बरोबर होती, पण पुरवणीच्या दुसऱ्या पानावर लाप्लासचं आख्खं गणित होतं आणि त्या पानावर ना टिक ना काट ना शून्य. म्हणजे तपासलेलंच नाही. बेरीज चुकली असेल तर नुसत्या गुणपडताळणीने काम भागतं, पण पान सुटलंय किंवा मार्क कमी दिलेत असं वाटत असेल तर पुनर्मूल्यांकनच. मी 6 तारखेला फॉर्म भरला, फी कापली गेली, बँकेचा मेसेज आला, स्टेटस पेंडिंग. म्हटलं झालं काम.

मार्चचा दुसरा आठवडा आला तरी पेंडिंगच. माझ्याच बॅचच्या दोघांचा रिझल्ट येऊन गेलेला. इकडे बॅकलॉगच्या फॉर्मची शेवटची तारीख 20 मार्च. कॉलेजच्या परीक्षा विभागात गेलो तर क्लार्क म्हणाले विद्यापीठाकडे आहे, विद्यापीठाच्या हेल्पलाइनला फोन केला तर प्रोसेसमध्ये आहे, पंधरा दिवसांनी बघा. असे दोन पंधरवडे गेले असते आरामात.

तेव्हा एक सीनियर दादा म्हणाला, अरे 'कधी होईल' विचारू नकोस, 'आत्ता कोणाच्या लॉगिनला आहे' ते विचार. हे वाक्य मी नंतर दहा वेळा वापरलं. कारण प्रवास असा असतो की आपण फॉर्म भरतो, पेमेंट कन्फर्म होतं, मग ते नाव कॉलेजच्या लॉगिनला अप्रूव्हलसाठी दिसतं, कॉलेज अप्रूव्ह करून यादी पुढे पाठवतं, मग विद्यापीठाचा पुनर्मूल्यांकन कक्ष उत्तरपत्रिका काढून दुसऱ्या परीक्षकाकडे देतो, मार्क येतात, जुन्याशी तुलना होते, आणि फरक ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असला तर कुठे कुठे तिसऱ्याकडेही जातो. यातल्या कुठल्याही पायरीवर असलात तरी आपल्या स्क्रीनवर एकच शब्द, पेंडिंग.

बाबांना घेऊन विद्यापीठात गेलो. (बाबांचा उपयोग एवढाच झाला की गेटवर कोणी अडवलं नाही.) कक्षातल्या मॅडमनी पीआरएन टाकला आणि म्हणाल्या, तुमचं तर कॉलेजकडून आलेलंच नाही. परत कॉलेज. यावेळी क्लार्कना म्हटलं सर प्लीज लॉगिन उघडून माझ्यासमोर यादी बघता का, तर यादीत माझं नावच नाही! म्हणजे कॉलेजनेही अडवलेलं नव्हतं, त्यांना दिसतच नव्हतं. पैसे कापले गेले होते पण विद्यापीठाच्या सिस्टिमला पेमेंट पूर्ण झाल्याचा निरोप पोचला नव्हता, त्यामुळे अर्ज पहिल्याच पायरीवर पडून. एक महिना मी दुसऱ्या परीक्षकाची वाट बघत होतो आणि पेपर गठ्ठ्यातून हललाही नव्हता. कसं ओळखायचं? पावतीवर. माझ्या पीडीएफवर अर्ज क्रमांक होता पण पावती क्रमांकाची जागा कोरी होती, मी बघितलीच नव्हती.

पुढचं काम कागदावर झालं. कॉलेजच्या परीक्षा अधिकारी सरांनी कव्हरिंग लेटर दिलं, जावक नंबर टाकून. त्याला बँक स्टेटमेंटची ती ओळ असलेलं पान, अर्जाची प्रिंट आणि फोटोकॉपीतलं ते न तपासलेलं पान जोडलं, पानाचा नंबर पत्रात लिहिला. पत्र संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ यांच्या नावे, आणि दिलं आवक विभागात, माझ्या कॉपीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन. हा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका, कारण नंतर प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न 'आवक नंबर काय' हाच असतो, आणि नंबर सांगितला की समोरच्याला काहीतरी शोधावंच लागतं. वित्त विभागाने बँकेच्या रेफरन्स नंबरवरून पेमेंट शोधलं, चार दिवसांत माझं नाव कॉलेजच्या लॉगिनला आलं, सरांनी तिथल्या तिथे अप्रूव्ह केलं.

तरी हललं नसतं तर पुढे उपकुलसचिव परीक्षा यांना भेटायचं ठरवलं होतं, आणि नंतर विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार ही समिती असावी लागते आणि तिच्या निर्णयावर लोकपालांकडे अपील करता येतं. पण एक लक्षात घ्या, लोकपालांकडे नुसतं 'मार्क कमी दिले, परत तपासा' चालत नाही, ठोस अनियमितता दाखवावी लागते. न तपासलेलं पान किंवा पैसे घेऊन न नोंदवलेला अर्ज, असलं काही. आणि फोटोकॉपीच देत नसतील तर माहिती अधिकार आहे, तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका बघायचा हक्क सुप्रीम कोर्टाने 2011 मध्येच मान्य केलाय. अर्ज 10 रुपयांत होतो, उत्तराची मुदत 30 दिवस. पण त्या 30 दिवसांत रिव्हॅल्युएशनची तारीख निघून जाऊ शकते, म्हणून तो पहिला उपाय समजू नका.

या सगळ्यात बॅकलॉगचा फॉर्म मी 19 मार्चला भरून टाकला. मित्र म्हणाले कशाला पैसे घालवतो, पण रिव्हॅल्युएशन चालू आहे म्हणून फॉर्मची तारीख कोणी वाढवून देत नाही, आणि 24 चे 24 च राहिले असते तर आख्खं सेमिस्टर थांबलो असतो.

22 एप्रिलला रिझल्ट आला. 31. त्यातले 6 त्या सुटलेल्या पानाचे, आणि एक कुठून वाढला ते आजवर कळलं नाही. पुढचे तीन आठवडे मेन लॉगिनला मी नापासच दिसत होतो कारण रिव्हॅल्युएशनचा रिझल्ट वेगळ्या यादीत लागतो आणि लेजरला मार्क नंतर चढतात, त्यासाठी परत एक चक्कर. जुनी मार्कशीट जमा केल्यावर नवी मिळाली. जमा करायच्या आधी जुनीची झेरॉक्स काढून ठेवा. बॅकलॉगच्या फॉर्मचे पैसे काही परत आले नाहीत.