अठरावा वाढदिवस आणि जेईईचा फॉर्म

माझ्या मुलीला डिसकॅल्क्युलिया आहे, म्हणजे आकडे हाताळण्यातली अडचण, आणि जोडीला डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अडचणही. गणित तिला समजतं, पण ६७ लिहायला गेली की ७६ होतात, आणि गुणाकारात खालची ओळ एक घर सरकली की सगळं उत्तर वाया जातं. दहावीला राज्य मंडळाने तिला जादा वेळ आणि कॅल्क्युलेटर दिला होता. बारावीसाठीही कॉलेजमार्फत प्रस्ताव गेला होता. तेव्हा जेईई मेनलाही हे सगळं मिळणारच असं मी धरून चालले होते.

२०२२च्या नोव्हेंबरात फॉर्मसाठी कागद काढायला बसले, तेव्हा जुनं एलडी, म्हणजे अध्ययन अक्षमतेचं, सर्टिफिकेट पहिल्यांदा नीट वाचलं. ते ती चौदा वर्षांची असताना काढलेलं. तेव्हा लागू असलेल्या केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेनुसार एलडीची तपासणी आठव्या वर्षापासून करता यायची, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी ती पुन्हा करावी लागायची, आणि अठराव्या वर्षी मिळालेलं प्रमाणपत्र कायमचं असायचं. आमच्या लेकीला ऑक्टोबरातच अठरा पूर्ण झाली होती. वाढदिवसाला केक आणला, पण त्या दिवशी तिचं सर्टिफिकेट संपलं हे आमच्या गावीही नव्हतं. बारावीची बरीचशी मुलं ऐन प्रवेश परीक्षांच्या वर्षातच अठराची होतात, म्हणून हे आधी सांगतेय. त्यात जुन्या कागदावर दिव्यांगत्वाची टक्केवारीच नव्हती, आणि फॉर्मला ती लागते, किमान ४० टक्के.

स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी अर्ज केला आणि सरकारी रुग्णालयाच्या फेऱ्या सुरू झाल्या. आधी डोळे आणि कान तपासले, कारण अडचण तिथली नाही हे ठरवावं लागतं. मग बुद्ध्यांकाची चाचणी आणि त्यानंतर एलडी ओळखण्यासाठी बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने तयार केलेली चाचणीमाला. हे एका बैठकीत उरकत नाही. दोन तारखांच्या मध्ये कधी दहा दिवस, कधी पंधरा. कोथरूडहून सकाळी सातला निघायचं, केसपेपर काढायचा आणि नंबर लागेपर्यंत बाकावर बसून ती रसायनशास्त्र वाचायची.

इकडे १५ डिसेंबरला फॉर्म सुरू झाला, शेवटची तारीख १२ जानेवारी. हे म्हणाले, "आत्ता साधाच भरून टाकू, नंतर दुरुस्त करू." मलाही पटत होतं. पण माहितीपत्रक वाचताना लक्षात आलं की पहिल्या सत्राला अर्ज केलेल्यांना एप्रिलच्या सत्रासाठी पेपर, भाषा आणि शहर निवडून फी भरायची एवढंच करायचंय. बाकीची माहिती जानेवारीचीच पुढे जाणार. दिव्यांगच्या रकान्यात एकदा 'नाही' गेलं आणि दुरुस्तीच्या दोन दिवसांत नेमका तोच रकाना उघडला नाही, तर दोन्ही संधी हातच्या जाणार. म्हणून थांबलो. फोटो, सही, दहावीचे तपशील भरून ठेवले, सबमिट तेवढं केलं नाही.

रुग्णालयात आणखी एक गोष्ट कळली, तीही तिथल्या मानसोपचार विभागातल्या मॅडमनी आपणहून सांगितली म्हणून. नुसतं दिव्यांगत्व प्रमाणपत्र लेखनिकासाठी पुरत नव्हतं. दृष्टिहीन, दोन्ही हात बाधित असलेले आणि सेरेब्रल पाल्सी असलेले उमेदवार सोडले, तर बाकीच्यांना लिहिण्यात मर्यादा असल्याचा वेगळा दाखला लागायचा. त्याचा नमुना केंद्राच्या २९ ऑगस्ट २०१८च्या मार्गदर्शक सूचनांना जोडलेला आहे. त्यावर वैद्यकीय अधीक्षक किंवा सिव्हिल सर्जन अशा अधिकाऱ्याची सही लागायची, शिवाय दाखला त्या विषयाच्या तज्ज्ञाचा हवा असायचा. आम्ही तो छापून नेला म्हणून दोन्ही कागदांवर एकाच फेरीत सह्या झाल्या. तारीख होती ९ जानेवारी. त्याच रात्री फॉर्म भरला. दिव्यांग: हो. टक्केवारी: प्रमाणपत्रावरची. लेखनिक हवा: हो.

वेळेचा हिशेब सरळ आहे. तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लिहिण्यात मर्यादा असलेल्या उमेदवाराने लेखनिक घेतला नाही तरी हा तास त्याचाच असतो.

कॅल्क्युलेटरचं मात्र तसं नाही, आणि मुलीचा धीर तिथेच सुटला. त्याच सूचनांमध्ये बोलणाऱ्या कॅल्क्युलेटरचा उल्लेख आहे, पण ज्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालतो तिथेच, अशा अटीसह. जेईई मेनमध्ये तो कुणालाच चालत नाही. स्क्रीनवर दिसणारा आकड्यांचा कीपॅड फक्त उत्तर टाकण्यासाठी असतो, त्यावर हिशेब होत नाही. गेट आणि कॅटमध्ये स्क्रीनवर कॅल्क्युलेटर सगळ्यांनाच असतो, पण ते आमच्या काय कामाचं! "बोर्डाला मी बरोबर आणि इथे चूक, असं कसं गं आई?" असं तिने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. ज्या अडचणीसाठी बोर्ड कॅल्क्युलेटर देतं ती प्रवेश परीक्षेच्या दारात नाहीशी होत नाही, आणि हा नियम बदलायला हवा असं मला आजही वाटतं.

मग उरलं ते लेखनिकाचं काम. आधी आम्ही इंजिनीअरिंगला असलेल्या भाच्याला विचारणार होतो. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे आपला लेखनिक आपण न्यायचा तर त्याचं शिक्षण उमेदवाराच्या एक पायरी खाली असावं लागायचं. मग आमच्या सोसायटीतला अकरावीचा मुलगा तयार झाला. त्याच्या कॉलेजचं ओळखपत्र आणि हमीपत्र जोडलं.

लेखनिक हिशेब करून देत नाही, सांगितलेलं लिहितो. म्हणून सांगायचं कसं याचाच दोघांनी सराव केला. एक उदाहरण देते. ४००० अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या फोटॉनची ऊर्जा काढायची आहे. पुस्तकी वाटेने गेलं तर ६.६३ गुणिले ३, खाली ४, आणि दहाचे घातांक वर उणे ३४ आणि अधिक ८, खाली उणे ७. यात हिचा घातांक हमखास चुकायचा. तिच्या सरांनी वाट बदलून दिली. १२४०० भागिले अँगस्ट्रॉममधली तरंगलांबी, की उत्तर थेट इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये. ती म्हणायची, "वर एकशे चोवीस, खाली चाळीस." तो लिहायचा, ती कागदाकडे बघत भागायची, ३.१. आकडा जोडीने न सांगता एकेक अंक सांगायचा आणि त्याने तो मोठ्याने परत म्हणायचा, असं ठरवल्यावर उलटापालट बरीच कमी झाली. एका प्रश्नाला वेळ मात्र जास्त लागायचा. जादा तास त्यातच खर्च होतो.

परीक्षा ३० जानेवारीला, सकाळच्या सत्रात. हॉल तिकिटावर लेखनिकाची नोंद होती. तरी मी दोन्ही दाखल्यांच्या प्रती आणि सूचनांचं ते पान फाइलमध्ये घातलं होतं. कारण नीटला बसलेल्या डिसग्राफियाच्या एका मुलीला केंद्रावर जादा तास नाकारला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२१ला तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, पण फेरपरीक्षा दिली नाही. तो तास गेला तो गेलाच. म्हणून मुलीला बजावलं होतं, पेपर सुरू व्हायच्या आधी घड्याळ बघ. तिथे २४० मिनिटं हवीत. १८० दिसली तर जागेवरून उठू नकोस, पण हात वर कर.

घड्याळात १८० होती.

तिने हात वर केला. पर्यवेक्षक म्हणाले, "नंतर वाढवून देऊ." तिने नम्रपणे सांगितलं, "सर, सुरू व्हायच्या आधी करा ना, प्लीज." लेखनिकाने फाइलमधलं पान पुढे केलं. फोनाफोनी झाली, दुसऱ्या मशीनवर लॉगिन करून दिलं आणि तिथे २४० आली.

मी गेटबाहेर झाडाखाली बसले होते. बाराला बाकीची मुलं बाहेर यायला लागली तसे सगळे आई-बाबा उठले. मी बसूनच राहिले. बारा वाजून गेले, सव्वाबारा झाले, ती बाहेर आली नाही. तेव्हा मला कळलं की तास मिळालाय, आणि मी डब्यातली पोळी-भाजी खायला घेतली.