जन्मवेळेतली दहा मिनिटं आणि लेकीचं गाणं

लेकीची पत्रिका दाखवायची आहे, कला कोणत्या अंगाची आहे ते बघायचंय, असं ठरलं की पहिलं काम गुरुजी शोधायचं नसतं. पहिलं काम जन्मवेळेचा कागद शोधायचं असतं. मी त्यातच अडकले आणि माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

लेक दहावीत. गाणं लहानपणापासून, आणि दोन वर्षांपासून वहीत स्वतःचे शब्द लिहून त्यांना चाली लावते. आमच्या घरात कोल्हापूरच्या देवल क्लबच्या मैफलींची ओढ आजोबांपासूनची, त्यामुळे गाण्याला विरोध कुणाचाच नाही. प्रश्न एवढाच होता, की पुढची वर्षं गळ्यावर आणि रंगमंचावर घालायची की लेखनावर आणि रचनेवर.

शुक्रवार पेठेतल्या गुरुजींनी पत्रिका मांडली आणि लगेच बाजूला ठेवली. म्हणाले, "ताई, डिस्चार्ज कार्डावर एक पन्नास आहे, तुमच्या सासूबाई एक चाळीस म्हणतात. मधे लग्न बदलतंय. आधी वेळ पक्की करून आणा."

जन्म फाल्गुनातला, होळीनंतरचा, मध्यरात्रीनंतरचा. लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्वेला उगवत असलेली रास. पावणेदोनच्या सुमारास वृश्चिक लग्न संपून धनु सुरू होत होतं. एक चाळीस धरली तर लग्न वृश्चिकेच्या एकोणतिसाव्या अंशात, एक पन्नास धरली तर धनूच्या दुसऱ्या अंशात. लग्नाचा एक अंश साधारण चार मिनिटांत सरकतो, त्यामुळे दहा मिनिटं म्हणजे दोन अंशांहून जास्त. ग्रह मात्र दोन्हीकडे होते त्याच राशीत राहतात. शुक्र मीनेत म्हणजे उच्चीचा, चंद्र कन्येत हस्त नक्षत्रात, बुध मकरेत, रवी कुंभेत. बदलतात ती घरं.

वृश्चिक लग्न असेल तर मीन हे पंचम स्थान. पंचम म्हणजे प्रतिभा, नवं सुचणं. तिथे उच्चीचा शुक्र, आणि समोर लाभातून चंद्राची त्याच्यावर पूर्ण दृष्टी. तृतीयात, म्हणजे हात, लेखणी आणि रोजचा सराव यांच्या घरात, बुध. गुरुजींच्या भाषेत हा "बांधणारा" माणूस: शब्द लिहील, चाल लावील, बंदिश करील. धनु लग्न असेल तर तोच शुक्र चतुर्थात जातो, चंद्र दशमात म्हणजे लोकांसमोर येतो, बुध द्वितीयात वाणीच्या घरात बसतो आणि तृतीयात रवी येतो. हा "मांडणारा": गळा, उच्चार, रंगमंचावरची धिटाई. कलाकार दोन्हीकडे आहेच. पण मला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर या दहा मिनिटांवर पार फिरत होतं.

मग मी गेले दाखल्याच्या खिडकीवर. वाटलं होतं, सरकारी नोंद आहे, वेळ असणारच. खिडकीतल्या माणसानं दाखल्याची प्रत हातात दिली आणि म्हणाला, "ओ मॅडम, दाखल्यावर तारीख असतीय, वेळ नसतीय. वेळ दवाखान्यात बगा." खरंच नसते. जन्मदाखल्यावर तारीख, ठिकाण, आईवडिलांची नावं, नोंदणी क्रमांक, सगळं येतं, वेळेचा रकाना नाही. पण हे एक वाक्य मला मिळालं अर्ज लिहून, शुल्क भरून, जेवणाची सुट्टी संपायची वाट बघून. खिडकीवर एक पाटी लावली असती तर किती बायकांची दुपार वाचली असती!

दवाखान्यात त्याहून वाईट. काउंटरवरची मुलगी मला परत डिस्चार्ज कार्डच दाखवत होती. मी सांगत होते, हे कार्ड सकाळी भरलेलं आहे, त्यावर आकडा गोल केलेला दिसतोय, मला प्रसूतीगृहातली नोंदवही हवी. तिला नोंदवही म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. जुनी वही खालच्या खोलीत, किल्ली दुसऱ्याकडे, तो रजेवर, अर्ज साहेबांच्या सहीला, साहेब शस्त्रक्रियेत. "कशाला पाहिजे वेळ?" असं प्रत्येकानं विचारलं आणि "पत्रिकेला" म्हटलं की प्रत्येकाचा हात आखडला. माझ्याच मुलीच्या जन्माची नोंद मला बघायची होती, तीही पाच मिनिटं! शेवटी एका जुन्या सिस्टरबाईंनी काम केलं. त्यांनी "कोणत्या महिन्यातली?" एवढंच विचारलं, लाल पुठ्ठ्याची वही काढली आणि त्या रात्रीच्या ओळीवर बोट ठेवलं. प्रसूती एक एक्केचाळीस. पुढच्या रकान्यात बाळाचं वजन, आणि त्या नोंदीशेजारी वेळ एक पन्नास. कार्डावर वजनाची वेळ चढली होती. मला तिथेच रडू आलं.

तुम्ही जाल तेव्हा "जुना रेकॉर्ड" मागू नका, "प्रसूतीगृहाची नोंदवही" असंच म्हणा आणि अर्जात आईचं त्या वेळचं नाव आणि दाखल झाल्याची तारीख लिहा.

दरम्यान गुरुजींनी घटनांवरूनही पडताळून बघितलं होतं. तृतीय हे धाकट्या भावंडाचंही घर. धाकटा झाला तेव्हा लेकीची चंद्राची महादशा आणि शनीची अंतर्दशा चालू होती. पण वृश्चिकेला तृतीय मकर, धनूला तृतीय कुंभ, आणि दोन्हींचा स्वामी शनीच. म्हणजे भावाचा जन्म दोन्ही लग्नांना सारखाच जुळतो, निवाडा काही होत नाही. हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या एका ठिकाणी मला याच एका घटनेवरून छातीठोकपणे "धनूच" सांगितलं होतं.

एक एक्केचाळीसला वृश्चिक लग्न येतं, पण अगदी काठावर. म्हणून कुणालाही दाखवताना अयनांश कोणता, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कुठून धरलाय, ते आधी विचारा. आमचं गणित चित्रापक्षाचं, दाते पंचांगाप्रमाणे. टिळक पंचांग रेवतीपक्षाचं, त्याचा अयनांश सुमारे चार अंशांनी कमी, म्हणजे तिथे हीच वेळ धनु लग्नात जाते. मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्येही हे सेटिंग असतं, ते न बघता दोन पत्रिका ताडून बघण्यात अर्थ नाही.

मग गुरुजींनी पत्रिका सांगितली. शुक्र उच्चीचा म्हणून ते लगेच खूश झाले नाहीत. आधी रवीपासूनचं अंतर बघितलं. रवी कुंभेच्या मध्यावर, शुक्र मीनेच्या एकविसाव्या अंशाजवळ, तेव्हा अस्ताचा प्रश्न नाही. मग नवमांश, म्हणजे राशीचे नऊ भाग पाडून मांडलेली बारीक पत्रिका: मीनेत पावणेसात ते दहा अंशांच्या दरम्यान शुक्र असता तर नवमांशात कन्येत, म्हणजे नीच झाला असता. इथे तो मकर नवमांशात, शनी या मित्राच्या घरी. हस्तातला चंद्र दोन्ही लग्नांना तसाच, हाताच्या कौशल्याचं ते नक्षत्र. म्हणाले, "गाणं सोडायचं नाही, पण हिची खरी कमाई रचनेत. आणि पत्रिका कल दाखवते, ताई, रियाज दाखवत नाही."

आता लेक गायनाच्या तासासोबत हार्मोनियम शिकते आणि चाली वहीत स्वरलिपीत उतरवते. मला फार समाधान वाटतं.

मध्यरात्रीनंतरचा जन्म असेल तर गुरुजींना इंग्रजी तारीख आणि वार दोन्ही सांगा. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे घरचे "मंगळवारी रात्री" म्हणतात तेव्हा कॅलेंडरवर बुधवार लागलेला असतो. आणि नोंदवहीतल्या पानाचा फोटो परवानगी घेऊन तिथेच काढा. वही परत खालच्या खोलीत जाते.