मुरूम गेला, रान सपाट झालं

तक्रार अर्जात एकच ओळ होती: ‘रान परत मिळालं, पण त्यात काही पिकंना.’

जालना जिल्ह्यातल्या परतूर-मंठा भागातलं हे दोन एकर रान. रस्त्याच्या भरावासाठी तिथला मुरूम उचलला होता आणि कागदोपत्री रान पूर्ववत झालं होतं. रस्त्याच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या एका सल्लागार कंपनीत मी पर्यावरणाचं काम बघते. मृदशास्त्र शिकले परभणीला. पण या नोकरीत माझा बहुतेक वेळ फोटो, तारखा आणि सह्या गोळा करण्यात जातो, प्रत्यक्ष माती हातात घ्यायचा प्रसंग क्वचित येतो. त्यामुळे सप्टेंबरात पहार, खुरपं आणि आम्लाची बाटली घेऊन निघाले तेव्हा खरं सांगायचं तर बरंच वाटत होतं.

उघडी खाण म्हटलं की आपल्याला वणी-चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणी आठवतात. तिथे कोळशावरची दगडमाती उकरली की फुगते, खड्ड्यात परत टाकली तरी बाहेर ढीग उरतात. शिवाय खाण बंद कशी करणार याचा आराखडा आधीच द्यावा लागतो आणि त्यासाठीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. आमच्याकडे बेसॉल्टच्या मुलखात गणित उलटं आहे. काळी माती बाजूला काढली की खालचा मुरूम हाच माल, आणि तो सगळाच्या सगळा रस्त्याखाली जातो. खड्डा बुजवायला काही उरतच नाही. या दोन एकरांतून सरासरी अडीच मीटर खोलीपर्यंत मुरूम गेला, म्हणजे सात हजार ब्रासच्या आसपास. तेवढं रान कायमचं खाली बसलं. आता त्या खालच्या पातळीवर ते पुन्हा पिकतं करायचं, एवढंच हातात राहतं.

रस्त्यांसारख्या कामांसाठी साधी माती उचलायला पर्यावरण मंजुरी नको, अशी सूट केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती मार्च २०२४ मध्ये रद्द केली. हे रान त्या मधल्या काळातलं. शेतकऱ्याशी झालेल्या करारात ‘माती परत पसरून सपाटीकरण करून देणे’ एवढाच उल्लेख होता. सपाटीकरण मात्र अगदी चोख झालं होतं.

“बाई, वरून बघा, टेबलावानी केलंय,” रानाचे मालक काका म्हणाले. “पर पाऊस झाला की पाणी हलंना. तूर गेली, सोयाबीन गेलं.”

ठेकेदाराचा तरुण इंजिनिअर सोबत होता. त्याने लेव्हलचा तक्ता काढून दाखवला. सगळे आकडे बसत होते. त्याला दोष देववत नाही. भरावात प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या निदान ९५ टक्के दाब मिळाला पाहिजे, यावर त्याचा पगार चालतो. दाबलं की काम चांगलं, हेच त्याला शिकवलेलं. शेताच्या बाबतीत नेमकं तेच घातक ठरतं, हे त्याला सांगणारं त्या साइटवर कुणी नव्हतं.

काकांनी जगलेल्या तुरींपैकी एक झाड उपटून दिलं. मला वाटतं, त्या दिवशी दुसरं काही केलं नसतं तरी चाललं असतं. तुरीचं सोटमूळ मोकळ्या काळ्या रानात सहज मीटरभर खाली जातं. हे मूळ वीतभर सरळ गेलं होतं आणि तिथून काटकोनात वळून आडवं पसरलं होतं. मग त्या जागी खड्डा घेतला. वरची वीतभर माती खुरप्याने सुटत होती. खाली ती पहारीलाही दाद देईना, ढेकळं उभी न फुटता आडव्या पापुद्र्यांत सुटत होती. त्या पापुद्र्यांमध्ये करडी-निळसर झाक होती आणि नाकाजवळ धरल्यावर गटारीसारखा वास. हवा नसलेल्या मातीची ही खूण. अजून खाली, पंचेचाळीस सेंटिमीटरवर, मुरमाचा तळ लागला: डंपरच्या चाकांनी घोटून गुळगुळीत झालेला. त्यावर पाण्याचा पातळ थर साचलेला. पावसाचं पाणी मातीतून कसंबसं तिथवर पोहोचायचं आणि पुढे वाट नसल्यामुळे मुळांशीच बसून राहायचं.

ठरावीक मापाच्या लोखंडी कड्याने मातीचे नमुने घेतले. भट्टीत वाळवून वजन केल्यावर त्या दाबलेल्या थराची घनता घनसेंटिमीटरला १.६८ ग्रॅम निघाली, शेजारच्या न खोदलेल्या रानात ती १.३ च्या आसपास होती. इतक्या चिकण मातीत दीडच्या आसपासच मुळांचा श्वास कोंडायला लागतो.

हे का झालं, ते मातीच्या ढिगापासून सुरू होतं. काळी माती आधी वेगळी काढायची, ती कोरडी असताना काढायची, आणि तिचा ढीग दोनेक मीटरपेक्षा उंच करायचा नाही. उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही. मुळांना अन्न पुरवणाऱ्या बुरशा आणि जिवाणू तिथे मरतात, आणि वरच्या वजनाने माती दबते ती वेगळीच. आता हिशोब करा. दोन एकरांवरची पंचेचाळीस सेंटिमीटर माती म्हणजे छत्तीसशे घनमीटरच्या वर, आणि उकरल्यावर ती पाचव्या हिश्शाने फुगते. दोन मीटर उंचीचा ढीग करायचा तर पंचवीसेक गुंठे जागा लागते. सहा मीटर केला तर तेरा गुंठ्यांत भागतं. ढिगाच्या जागेला भाडं द्यावं लागतं, म्हणून इथे ढीग सहा मीटर झाला. बारा गुंठ्यांचं भाडं वाचलं.

पुढे माती परत पसरताना तळ आधी फोडून घ्यायला हवा होता. तो फोडलाच नाही. डंपर मातीवरूनच ये-जा करत राहिले आणि शेवटी डोझरने पाट्याने घासून वरचा तो सुंदर सपाटपणा आणला. आणि हे सगळं घडलं जून उजाडल्यावर, एक चांगला पाऊस होऊन गेल्यानंतर. वाफसा नसताना रानात औत घालू नये, हे काकांच्या नातवालाही कळतं. वीस टनांचं यंत्र घालताना मात्र कुणीही मातीकडे वाकून बघितलं नाही.

माझ्या अहवालावर बैठका झाल्या. सपाटीकरणाचा दाखला, त्यावर काकांची सही, सगळं ठेकेदाराच्या बाजूने होतं. ती सही मे महिन्यातली. ढीग अजून मोडायचा असताना ‘काम झालं की पैसे मिळतील’ म्हणून घेतलेली. अखेर डोझर आणि त्याच्या मागचा रिपर, म्हणजे जमीन खोलवर फाडणारा लोखंडी दात, देण्यावर तडजोड झाली. मी अट एकच घातली: तारीख माती ठरवेल. अर्ध्या मीटरवरची माती तळहातांमध्ये वळून बघायची. पेन्सिलीहून बारीक दोरी न तुटता वळली तर माती ओली आहे. अशा मातीत रिपर चालवला तर तो फक्त चीर पाडतो आणि चिरेच्या दोन्ही कडा आणखी घोटतो. दोरी वळण्याआधीच भुगा झाला तर दाताच्या धक्क्याने सगळा थर तडकतो. इंजिनिअरचे मार्चपासून फोन येत होते. दोरी मेच्या मध्याला तुटली.

दात पाऊण मीटर खोल घातला, म्हणजे मातीखालचा मुरूमही फूटभर फुटेल असा. दोन ओळींत मीटरभराहून कमी अंतर. सुरुवात लांबच्या बांधापासून, उताराला आडवं, आणि फोडलेल्या भागावर यंत्र पुन्हा चढवायचं नाही. ऑपरेटर गंगाखेडकडचा, कमालीचा हुशार. दुसऱ्याच ओळीला त्याने आवाजावरून सांगितलं की दात मुरमात शिरला. वरच्या अंगाला चर काढली, कारण रान खाली बसल्यापासून शेजाऱ्यांचं सगळं पाणी याच्यातच उतरत होतं. नाल्याकडच्या कोपऱ्याला थोडा उतार देऊन पाण्याला वाट करून दिली. ते टेबल मोडलं तेव्हा इंजिनिअरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जूनमध्ये हिरवळीच्या खतासाठी ताग पेरला आणि फुलोऱ्यात आल्यावर गाडला.

काळ्या मातीचा एक गुण इथे मदतीला येतो. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, आणि अशी हलत हलत वर्षानुवर्षांत स्वतःच काहीशी मोकळी होते. मुरमाचा तळ तसा हलत नाही. तो एकदा दाबला की यंत्राशिवाय फुटत नाही. म्हणून पैसे थोडेच असतील तर ते तळ फोडण्यावर घालावेत, असं माझं मत झालंय.

गेल्या खरिपात पूर्वेकडच्या अर्ध्या रानात तूर उभी राहिली. शेजारच्या रानाइतकी जोमदार नाही, पण उभी राहिली. उपटून पाहिली तर सोटमूळ फुटलेल्या मुरमात शिरलं होतं. पश्चिमेकडे पाणी साचत नव्हतं, तरी सोयाबीन पिवळं पडलं. कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या. ही लोहाची कमतरता. तिथल्या मातीवर आम्लाचा थेंब टाकला की अगदी वरच्या थरातसुद्धा फसफसते, म्हणजे तिच्यात चुनखडी आहे, आणि चुनखडीच्या मातीत पिकाला लोह घेता येत नाही. सप्टेंबरच्या खड्ड्यातही फसफसली होती आणि अहवालात तसं लिहिलेलं आहे, पण दुरुस्तीच्या मंजुरीत ते परिच्छेद गळले.

आपल्या काळ्या रानाखाली बहुधा चुनखडीच्या खड्यांचा थर असतो, त्याखाली मुरूम. हा थर काही सरळ रेषेत जात नाही, कुठे हातभर खोल तर कुठे वीतभर. पोकलेनवाला सगळीकडे एकाच खोलीने ओढत गेला तर पश्चिमेला काळ्या मातीत चुनखडी मिसळणारच. रंग बदलला की थांबायचं आणि चुनखडीचा थर वेगळा टाकायचा, एवढं सांगायला यंत्रापाशी एक माणूस उभा करावा लागतो. तो कुणाच्याच बिलात नसतो. दाबलेली माती फोडता येते. मिसळलेली चुनखडी मात्र त्या मातीतून परत निवडता येत नाही. लोह देणाऱ्या हिराकसाची फवारणी केली की पानं हिरवी होतात, पण नंतर फुटणारी नवी पानं पुन्हा पिवळी. काकांना तिथे मोसंबी लावायची होती. तो विचार सोडून द्या, हे मला स्पष्ट सांगावं लागलं.

“मग हा तुकडा शेततळं करा की,” इंजिनिअरने सुचवलं. तो आता बराच शिकलाय. पण काकांना रानच हवंय, आणि त्यांचं चुकत नाही. आहे ती जमीनच आधी अडीच मीटर खाली गेलेली आहे.

त्यांचं म्हणणं, तलावातला गाळ आणून टाकू. शिवारात सगळेच टाकतात. मी म्हटलं, आधी तपासू, कारण आसपासच्या चुनखडीच्या रानांतून धुपून आलेला गाळही चुनखडीचाच असणार. जवळच्या पाझर तलावाच्या गाळावर थेंब टाकला आणि तो फसफसला. काका म्हणाले, “सांडव्याकडचा गाळ येगळा असतो बाई, काळा कुळकुळीत.” पाणी उतरलं की तिथला नमुना घ्यायचा असं ठरलंय. गाळ चालण्याजोगा निघाला, तर वाहतुकीचे पैसे कोणी द्यायचे यावर ठेकेदाराला पत्र गेलंय. उत्तर अजून आलेलं नाही.