एकाच रविवारच्या तीन तारखा

‘हप्त्याची तारीख बँकेच्या सुट्टीला आली, तर पैसे दुसऱ्या दिवशी भरले तरी चालतात ना?’

हप्ता कशातून जातो, त्यावर ते ठरतं. १० मे २०२६ घ्या. हा रविवार आहे आणि आदल्या दिवशी दुसरा शनिवार, म्हणजे बँका सलग दोन दिवस बंद.

हप्ता मॅन्डेटवर, म्हणजे तुम्ही आधीच दिलेल्या लेखी परवानगीवर, खात्यातून आपोआप कापला जात असेल, तर सुट्टीचा भरवसा धरू नका. ही वसुली ‘नाच’ या यंत्रणेतून होते आणि १ ऑगस्ट २०२१ पासून ती रविवारी आणि सणासुदीलाही चालू असते. शाखेला कुलूप असलं तरी पैसे कापले जाऊ शकतात. गोची होते ती चेकमुळे. शुक्रवारी संध्याकाळी पेटीत टाकलेला चेक क्लिअरिंगला जातो सोमवारी, ११ तारखेला. हप्त्याची मागणी मात्र रविवारीच येते. शिल्लक कमी पडली की मॅन्डेट परत जातं, आणि दंड बहुधा दोन्हीकडून लागतो: तुमची बँक आकारते, कर्ज देणारी संस्थाही आकारते. एनईएफटी आणि यूपीआय सुट्टीतही चालतात, म्हणून चेकवर विसंबण्यापेक्षा शनिवारीच त्यातून पैसे आणून ठेवावेत. मॅन्डेट परत गेलंच, तर हप्ता त्याच दिवशी ऑनलाइन भरा आणि संस्थेला लगेच कळवा. नाहीतर तेच मॅन्डेट पुन्हा लावलं जाऊन हप्ता दोनदा कापला जाऊ शकतो.

करारात ‘सुट्टी असल्यास पुढचा कामाचा दिवस’ असं कलम असेल, तर सोमवारी भरलेला हप्ता उशिराचा धरत नाहीत. पण काही करारांत ‘आधीचा दिवस’ लिहिलेला असतो, तेव्हा ते वाक्य शोधून वाचाच. शिवाय व्याज रोजच्या शिल्लकीवर असेल, तर सुट्टीचं व्याज माफ होत नाही. १० लाख बाकी आणि ९ टक्के दर असेल, तर एका दिवसाचे साधारण २४७ रुपये होतात.

हप्त्यासाठी दिलेला १० मे तारखेचा चेक त्याआधी भरला तर पुढच्या तारखेचा म्हणून परत येतो, आणि रविवारी क्लिअरिंग नसतं. म्हणून तो लागतो सोमवारी.

व्यापारी बिलाचं, म्हणजे विनिमयपत्राचं, गणित उलटं आहे आणि तिथेच जाणते लोकही चुकतात. ७ एप्रिलला काढलेलं ३० दिवसांचं बिल घ्या. ३० दिवस ७ मे रोजी भरतात, त्यात सवलतीचे ३ दिवस मिळवले की १० मे येते. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ प्रमाणे मुदत सार्वजनिक सुट्टीला संपली, तर बिल आधीच्या कामाच्या दिवशी देय होतं. दुसरा शनिवारही या कलमाखाली सुट्टी आहे. त्यामुळे पैसे द्यायचे शुक्रवारी, ८ मे रोजी. सोमवारी पैसे घेऊन गेलात, तर बिल तोवर नाकारलेलं धरलं गेलेलं असू शकतं.