बायको नाही, हे सांगायला लागलेले आठ महिने

पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, "मिसेसना घेऊन नाही आलात?" मी म्हणालो, "ती माहेरी गेलीये." वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, एका वाक्यात माझं लग्नही झालं आणि बायको माहेरीही गेली.

तक्रार साधी होती. लिंग ताठ व्हायचं, पण टिकायचं नाही. कंडोम लावेपर्यंत खेळ संपलेला. माझा जोडीदार पुरुष आहे, सहा वर्षं आम्ही एकत्र आहोत. हे त्या खोलीत सांगायची हिंमत झाली नाही. भिंतीवर 'विवाहपूर्व समुपदेशन' असा फलक होता आणि डॉक्टर फोनवर कुणाला तरी "अशा लोकांना सरळ करता येतं" असं सांगत होते. खरं तर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधला, प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असले 'सरळ करण्याचे' उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. पण समोर बसल्यावर ते आठवतंय कुणाला!

त्यांनी सिल्डेनाफिल 50 मिलिग्रॅम लिहून दिली. एक प्रश्न मात्र नेमका विचारला: "छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेट वगैरे घेता का?" मी नाही म्हणालो, आणि ते खरंच होतं. ती गोळी माझे वडील शर्टाच्या खिशात ठेवतात, मी नाही.

त्या शनिवारी गोळी घेतली. तासाभराने नेहमीप्रमाणे पॉपर्सची बाटली हुंगली. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हुंगल्यावर काही क्षण अंग सैल पडतं, स्नायू ढिले होतात. आमच्यातल्या बऱ्याच जणांकडे ती बाटली असते.) अर्ध्या मिनिटात कान बंद, डोळ्यांपुढे काळोख, आणि मी पलंगाच्या कडेवरून खाली. त्याने पाय उशीवर उचलून धरले. पाच-सात मिनिटांनी मी उठून बसलो. दवाखान्यात जायला हवं होतं, गेलो नाही. काय सांगणार होतो?

दुसऱ्या डॉक्टर एका मित्राने सुचवल्या. तिथे मला वाक्य जुळवावंच लागलं नाही. त्यांनीच विचारलं, "जोडीदार पुरुष, स्त्री, की दोन्ही?" वजन विचारावं त्या आवाजात. मग बाटलीचीही गोष्ट बाहेर आली. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, सॉर्बिट्रेट हा नायट्रेट आणि पॉपर्स नायट्राइट, पण दोघांचं काम एकच, रक्तवाहिन्या सैल करणं. सिल्डेनाफिल तोच परिणाम वाढवतं. ते आणि या दोघांपैकी काहीही एकत्र आलं की रक्तदाब एकदम कोसळतो. चक्कर येऊन पडलात, हे स्वस्तात सुटलं.

म्हणजे पहिल्या डॉक्टरांनी योग्य धोक्याबद्दलच विचारलं होतं. फक्त त्यांच्या डोळ्यांपुढे माझ्या वडिलांसारखा रुग्ण होता.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी पाच प्रश्नांचा छापील कागद काढला. त्यात 'संभोग' म्हणजे योनिसंभोग असं गृहीत धरलेलं. त्यांनी शब्द खोडून माझ्यापुरता बदलला आणि तुम्ही प्रवेश करणारे, घेणारे की दोन्ही, तेही विचारलं. मला आधी अवघडल्यासारखं झालं. पण कारण सरळ होतं: गुदद्वाराचा स्नायू घट्ट असतो, तिथे जास्त ताठरता लागते, म्हणून थोडीशी घटसुद्धा प्रवेश करणाऱ्याला लवकर जाणवते. "याला उगाच मानसिक म्हणू नका," त्या म्हणाल्या. मग खरा प्रश्न आला: "सकाळी जाग येताना ताठ असतं का?" मी विचार केला. वर्षभरापासून क्वचितच. ते नीट होत असतं तर मामला बहुधा ताणाचा असता. होत नाही म्हटल्यावर शरीर तपासायला हवं.

उपाशीपोटी साखर, एचबीए1सी, चरबी, रक्तदाब, आणि टेस्टोस्टेरॉन, तेही सकाळी लवकर, कारण दिवसभरात ते उतरतं. एचबीए1सी आलं 7.8. मधुमेह. मला पत्ताच नव्हता. त्या म्हणाल्या, लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून बिघाड आधी इथे दिसू शकतो. मी 'बायको माहेरी' वर अडलो नसतो, तर ही तपासणी आठ महिने आधी झाली असती. अर्थात पहिल्या डॉक्टरांनीही ती सांगितली नव्हतीच, हेही खरं.

मेटफॉर्मिन, रोज चालणं, भात कमी. तीन महिन्यांनी आकडा 6.7. सकाळचं अधूनमधून परतलंय, पूर्वीसारखं नाही. सिल्डेनाफिल अजून लागते. जड जेवणावर घेतली तर उशिरा लागू होते, हे एका बिर्याणीने शिकवलं. बाटली कचऱ्यात गेली.

फ्रिजच्या दारावर आता त्याच्या अक्षरातली एक चिठ्ठी आहे: माझ्या छातीत दुखलं तर बाबांच्या खिशातली गोळी द्यायची नाही, आणि रुग्णवाहिका आली की आधी सिल्डेनाफिल कधी घेतली ते सांगायचं.