‘शुल्क’ की ‘बोजा’

मंगळवारी दुपारी तीन वाजता जाहिरात एजन्सीतून काकांचा फोन आला. "मॅडम, ताबा नोटीस आहे, उद्याच्या अंकात जायलाच हवी. पान सहाला बंद होतं." बँकेने फ्लॅटचा ताबा आदल्या बुधवारी घेतला होता. नियमाप्रमाणे ताब्यापासून सात दिवसांच्या आत ही नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, आणि त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं हवं. म्हणजे उद्या सातवा दिवस, आणि मराठी मजकूर आत्ता माझ्याकडे तपासायला आला होता.

अशा नोटिसा सरफेसी कायद्याखाली, म्हणजे २००२च्या कर्जवसुलीच्या कायद्याखाली निघतात. त्यांचा नमुना नियमांबरोबरच दिलेला असतो, त्यामुळे इंग्रजी मजकूर मला जवळजवळ पाठ आहे. तरी मी पाठावर विसंबत नाही. इंग्रजी कागदावर पट्टी ठेवते, एक ओळ वाचते आणि मराठीशी रुजुवात घालते. आधी आकडे, मग नावं, मग वाक्यं.

आकडे बरोबर होते, चतुःसीमाही बरोबर. पहिली ठेच व्याकरणाची लागली. ‘कर्जदाराने सदर रक्कम फेडण्यास असमर्थ ठरल्याने’. इथे ‘कर्जदार असमर्थ ठरल्याने’ हवं किंवा ‘कर्जदाराने न फेडल्याने’. मी दुसरं घेतलं, कारण इंग्रजीत ‘फेल्ड’ आहे. असमर्थ म्हणजे ऐपत नाही. या माणसाची ऐपत असेलही, बँकेच्या हिशेबावरून त्याचं भांडण असेल. नोटिशीला एवढंच म्हणायचंय की पैसे आले नाहीत.

पुढच्या परिच्छेदात मात्र मी पट्टी खालीच ठेवली. ‘सदर मालमत्तेशी केलेला कोणताही व्यवहार बँकेच्या शुल्काच्या अधीन राहील.’ मूळ इंग्रजीत ‘चार्ज’ होता. बँकेत चार्ज म्हटलं की चेकबुकचा, एसएमएसचा असेच चार्जेस आठवतात, अनुवादकालाही तेच आठवले असणार. पण हा चार्ज म्हणजे बोजा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ज्याची नोंद होते तो. हा फ्लॅट घ्यायला निघालेल्या माणसाने ‘शुल्क’ वाचलं, तर बँकेत जाऊन काहीतरी फी भरली की काम झालं, असं त्याला वाटेल. ‘बोजा’ वाचला की आपण कोणाचं कर्ज डोक्यावर घेतोय हे कळतं. ही ओळ तर अशा माणसासाठीच छापायची असते. मी लिहिलं: ‘बँकेच्या येणे रकमेच्या व त्यावरील व्याजाच्या बोजाच्या अधीन राहील’. एकामागोमाग चार ‘च्या’ आले, कानाला बरं वाटत नाही, पण अर्थ पक्का राहिला.

त्याच्या वर ‘ताबा घेतला आहे’ एवढंच होतं. इंग्रजीत ‘सिम्बॉलिक’ स्पष्ट लिहिलेलं. फ्लॅटमध्ये माणसं अजून राहत होती, बँकेने दाराला फक्त नोटीस चिकटवली होती. म्हणून ‘सांकेतिक ताबा’.

खरी अडचण पैसे फेडायच्या साठ दिवसांच्या मुदतीची होती. इंग्रजी म्हणत होतं, ताब्याआधी कर्जदाराला पाठवलेली मागणीची नोटीस मिळाल्यापासून साठ दिवस. मराठीत होतं ‘नोटिशीच्या तारखेपासून’. ही निष्काळजी चूक वाटेना, म्हणून बँकेच्या वकीलबाईंना फोन लावला. त्या हसल्या. "तुमच्या अनुवादकाने कायदा वाचलेला दिसतोय. कलम १३(२)मध्ये नोटिशीच्या तारखेपासूनच आहे. पण छापायचा नमुना ‘मिळाल्यापासून’ म्हणतो आणि आमचं इंग्रजी तसंच जातंय. एका पेपरात एक आणि दुसऱ्यात दुसरं आलं, तर समोरचा वकील तेच घेऊन उभा राहील. इंग्रजीत आहे तसंच मराठीत ठेवा."

ठेवलं. अनुवादकाचं ज्ञान माझ्या लाल पेनाने खोडताना जरा वाईटच वाटलं. ‘शुल्क’ लिहिणारा आणि कलम १३(२) जाणणारा माणूस एकच होता, याचं नवलही वाटलं.

सव्वापाचला काकांचा पुन्हा फोन. "मॅडम, तुमच्या दुरुस्त्यांनी एक ओळ वाढली. उंची बुक झालीय. ते ‘सांकेतिक’ काढू का?"

"त्याला हात लावू नका. ‘सदर’ किती आहेत मोजा."

"सहा."

"तीन काढा. ‘सदर मालमत्ता’चं ‘ही मालमत्ता’ करा, ‘सदर रक्कम’मधला आणि ‘सदर नोटीस’मधला ‘सदर’ उडवा."

पाच चाळीसला नवं मुद्रित आलं. ओळ वाचली होती. मी पुन्हा पट्टी ठेवून पहिल्यापासून वाचलं आणि खाली सही केली.